थकलेल्या रानाला घेवडा की चवळी?

कोरेगावच्या बाजूला खरिपाला काय टाकायचं म्हटलं, की बहुतेकांच्या तोंडी वाघ्या घेवडाच येतो. मीही कैक वर्षं तोच केला. भाव बरा, मानांकन मिळालेला माल, घ्यायला व्यापारी दारात. पैशाचीच निकड असेल तर आजही तोच करा, मी अडवणार नाही.

पण माझं वरचं रान दमलं होतं. मागून येणारी शाळू पिवळी पडायची. शेंगवर्गीय पीक आहे, जमीन सुधारेल, या भरवशावर मी घेवडा घेत राहिलो आणि त्यालाच युरियाही घालत राहिलो. खटकायचं ते हेच. जे पीक रानाला नत्र देणार, तेच माझ्याकडं मागतंय कसं?

लेक शेतकी कॉलेजात आहे. सुट्टीत आली तेव्हा घेवडा फुलात होता, बांधाकडेला घरापुरती चवळी होती. मी रोप उपटायला गेलो तर म्हणाली, "अण्णा, उपटू नका, गाठी मातीतच तुटतात." खुरप्यानं ढेकळासकट काढून तिनं दोन्ही मुळं बादलीत धुतली. चवळीच्या मुळांना मुगाएवढ्या गाठी लगडलेल्या. एक नखानं फोडली तर आत गुलाबी, रक्ताळल्यासारखी. घेवड्याला चार-दोन, बारक्या, आतून पांढरट.

"गुलाबी म्हणजे आतले जिवाणू हवेतला नत्र धरतायत," ती म्हणाली. "घेवड्याला लागतो तो जिवाणू आपल्या मातीत फारसा नाही. त्यात तुम्ही युरिया दिला की रोपाला आयतं मिळतं, मग ते गाठी कशाला पोसंल?"

मग तिनं आणखी एक चूक दाखवली. घेवडा आपण मुळासकट उपटून खळ्यावर नेतो, म्हणजे थोडंफार जमवलेलंही रानाबाहेर. नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो, तो बाजारात. मागं राहतं ते पाला-मुळांत, आणि ते कुजल्यावरच पुढच्या पिकाला लागतं.

पुढच्या जूनमध्ये अर्ध्या रानात चवळी टाकली, युरिया न घालता. कोवळ्या शेंगांचे दोन तोडे घेतले आणि वेल हिरवे असतानाच रोटर मारून गाडले. शेंगा वाळेपर्यंत थांबलो असतो तर वेल निबर झाले असते, कुजायला वेळ लागला असता. पेरणीआधी तीन आठवडे तसंच ठेवलं.

चवळीलाही खोड आहे. मावा भारी येतो, आणि शेंगा तोडायला बायका मिळवताना जीव मेटाकुटीला येतो. पैसाही घेवड्याइतका झाला नाही.

मोजमाप माझ्याकडं नाही, माती तपासलेली नाही. पण त्या साली शाळू उभी राहिल्यावर रानाची दोन्ही अर्धी बांधावरून वेगळी कळायची. चवळीकडची ताटं काळीभोर, घेवड्याकडची फिकट. यंदा वरच्या रानात सगळी चवळीच आहे. घेवडा खाली विहिरीजवळच्या दहा गुंठ्यांत टाकलाय, घरच्या आमटीपुरता.