कबूल केलेली सायकल की न सांगता नान्नजची सहल?

"90 टक्के आण, सायकल घेतो," असं थोरल्याला चौथीत सांगितलं होतं. 88 आले. "मग सायकल नाहीच का?" त्याने प्रगतिपुस्तक पाठीमागे धरून विचारलं. बक्षिसाची मजुरी झाली होती, ती माझ्यामुळे.

धाकटीला दहाव्या वर्षी काहीच कबूल केलं नाही. निकालानंतरच्या रविवारी पहाटे सोलापुराहून नान्नजच्या अभयारण्यात काळवीट बघायला नेलं. "रोज भागाकाराशी झटत होतीस, ते बघत होतो," एवढंच म्हणालो.

1973 च्या एका अमेरिकी प्रयोगात आधी बक्षीस कबूल केलेल्या बालवाडीतल्या मुलांची चित्रं काढायची ओढ नंतर कमी झाली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची नाही.

माझा कौल नान्नजला. पण दर निकालाला सहल ठरली, की तिचाही सौदा होतो. सायकल वाढदिवसाला द्यावी.