मेलच्या विषयात आधी काय लिहायचं: लेबल की तारीख? दोन्ही पद्धती शेजारी ठेवून

सांगलीत टॅक्सच्या ऑफिसात बसून मी रोज मेल पाठवतो, मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांना, कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यांना, मिरजेतल्या दुकानदारांना. हे लोक मेल उघडून निवांत वाचणारे नाहीत, सौदा चालू असताना मोबाईलवर वरची ओळ दिसते तेवढीच बघतात आणि पुढं जातात. त्यामुळं मेल कशासाठी आहे आणि कधीपर्यंत करायचंय हे त्या ओळीतच कळायला पाहिजे. ते लिहायच्या दोन पद्धती सध्या चालतात आणि नवीन ऑफिस टाकलेले किंवा अकाउंट्सला लागलेले बरेच जण विचारतात की कुठली धरायची, म्हणून हे लिहितोय.

पहिली पद्धत लेबलची. सुरुवातीला ठरलेला शब्द, मग काम, मग तारीख. म्हणजे असं: "कृती हवी: जुलै विक्री बिलं, शुक्र ७ ऑगस्ट". दुसरी पद्धत तारखेची: "शुक्र ७ ऑगस्टपर्यंत पाठवा: जुलैची विक्री बिलं". दोन्हीत माहिती तीच आहे, पण मोबाईलवर विषयाची साधारण तीस-चाळीस अक्षरंच दिसतात, फोनप्रमाणं कमीजास्त, आणि तिथं दोन्हीत मोठा फरक पडतो.

जीएसटीआर-१ चं, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राचंच उदाहरण घ्या. महिन्याला भरणाऱ्यांसाठी जुलैचं जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११ ऑगस्ट. त्यानंतर भरलं तर समोरच्या खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर त्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, बिल दिसत नाही, त्याचं टॅक्स क्रेडिट पुढच्या महिन्यावर जातं आणि तो आपल्या पार्टीला फोन करून पेमेंट अडवतो. आम्हाला बिलं तपासायला, जीएसटी नंबर जुळवायला तीन-चार दिवस लागतात म्हणून ७ तारीख मागतो. आता जुन्या सवयीनं विषय असा जातो: "जुलै महिन्याच्या जीएसटीआर-१ विवरणपत्रासाठी लागणारी विक्री बिलं पाठवण्याबाबत". शाळेतल्या रजेच्या अर्जापासून आपल्याला "बाबत" लिहायची सवय आहे, आणि त्यात कशाबद्दल आहे ते कळतं पण कोणी काय करायचं ते कळत नाही. शिवाय फोनवर "जुलै महिन्याच्या जीएसटीआर-१ विवरण…" इथंच ओळ तुटते. अडत्याला वाटतं विवरणपत्र भरून झालंय, त्याची कॉपी आली असेल.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे, ती म्हणजे क्रियापद शेवटी येतं. "जुलैची सगळी विक्री बिलं आणि क्रेडिट नोटा ७ ऑगस्टपर्यंत पाठवा" हे वाक्य बोलायला बरोबर आहे पण फोनवर नेमकं "७ ऑगस्टपर्यंत पाठवा" एवढंच कापलं जातं. म्हणून तारखेच्या पद्धतीत तारीख आणि क्रियापद आधी घ्यायचं, मग कोलन, मग बाकी सगळं. शेपूट तुटलं तरी चालतं, कारण "शुक्र ७ ऑगस्टपर्यंत पाठवा" एवढं दिसलं की माणूस उघडून बघतो. लेबलवाले म्हणतात की आमचंही तेच, "कृती हवी" पुढंच आहे की. खरंय, पण काय कृती आणि कधी हे मागं राहतं, आणि कामाचं नाव जरा लांबलं की तारीख पडद्याबाहेर जाते.

मग लेबल टाकाऊ आहे का? अजिबात नाही. ऑफिसातल्या ऑफिसात लेबलच चांगलं. आमच्याकडं चार-पाच जण एकमेकांना मेल टाकतात, त्यात "मंजुरी", "कृती हवी", "फक्त माहिती" असे तीनच शब्द ठरलेत. सकाळी साहेब सर्चमध्ये

```
subject:मंजुरी
```

टाकतात आणि सहीसाठी आलेलं सगळं एका खाली एक दिसतं. तारखेच्या पद्धतीत हे जमत नाही, कारण प्रत्येकाची ओळ वेगळी सुरू होते. फक्त शब्द सगळ्यांनी एकच वापरायचा, एकानं "मंजुरी" आणि दुसऱ्यानं "अप्रूव्हल" लिहिलं की सर्चचा फायदा गेला. आणि चौकटी कंस लावून ओळ सजवायची गरज नाही, जीमेलचा सर्च कंस बघतच नाही, उलट जागा जाते. "फक्त माहिती" हे लेबल तर मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण ज्याला काही करायचं नाही त्याला ते न उघडताच कळतं. पण बाहेरच्या पार्टीला हे शब्द पाठ नसतात, त्याला "कृती हवी" सरकारी नोटिशीसारखं वाटतं.

तारीख कशी लिहायची यात मात्र दोन्ही पद्धतींना नियम एकच. "उद्यापर्यंत" लिहायचं नाही, कारण मेल गुरुवारी पाठवला आणि त्यानं शुक्रवारी बघितला की उद्या म्हणजे शनिवार होतो. "लवकरात लवकर" आणि "तातडीचे" यात तर तारीखच नाही, आणि दर मेलला तातडीचे लिहिलं की खरं तातडीचं आलं तरी कोणी हलत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहा. आणि विषयात एकच तारीख, आपल्याला हवी असलेली. ११ तारीख विषयात टाकली की बिलं १० ला रात्री येतात, ती मेलच्या आत कारणासकट सांगा. बिलं ७ ला हवीत आणि ३बी चं, म्हणजे टॅक्स भरायच्या विवरणपत्राचं, चलन २० च्या आधी भरायचंय असं दोन्ही एका मेलात कोंबलं तर विषय कितीही हुशारीनं लिहा, एक काम राहतंच. दोन मेल करा.

रकमेबद्दल एक सांगतो. "बुध १९ ऑगस्टपर्यंत भरा: जीएसटी" एवढं पुरे, आकडा आत ठेवा. विषयाची ओळ लॉक असलेल्या फोनवरसुद्धा दिसते, आणि अडत्याचा फोन गल्ल्यावर उघडा पडलेला असतो, शेजारी हमालापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे उभे असतात. त्याचा टॅक्स किती हे त्यांना कशाला?

आठवण पाठवताना त्याच मेलला रिप्लाय करावा की नवा विषय घ्यावा, यावर माझं मत असं: पहिली आठवण त्याच मेलवर, म्हणजे आधीची यादी खालीच सापडते. शेवटच्या दिवशी मात्र नवा विषय, "आज शुक्र ७ ऑगस्ट, ६ वाजेपर्यंत पाठवा: विक्री बिलं". जीमेलमध्ये विषय बदलला की वेगळं संभाषण सुरू होतं आणि जुनी यादी त्यात येत नाही, म्हणून ती परत जोडायची. आणि ऑगस्टचं काम जुलैच्या मेलवर रिप्लाय मारून कधीच मागू नका, वर जुनीच तारीख दिसत राहते आणि समोरचा म्हणतो, हे तर मी गेल्या महिन्यातच पाठवलंय.

तर पार्टी बाहेरची असेल, फोनवर वाचणारी असेल, तर तारीख आणि क्रियापद आधी. आतल्या माणसांत, जिथं कोणीतरी रोज मेल चाळून कामं वाटतो, तिथं लेबल, पण तारीख लगेच त्याला चिकटून: "मंजुरी, सोम १० ऑगस्ट: जीएसटीआर-१ चा मसुदा". सरकारनं मुदत वाढवली तर जुन्या मेलवर "मुदत वाढली" एवढंच टाकू नका, नवी तारीख विषयात घेऊन नवा मेल पाठवा.