स्मिथ प्रेडिक्टर, 7 महिन्यांच्या वापरानंतर: बेल्टचा वेग बदलला की काय होतं

आमच्याकडे बेल्टवरच्या मालावर सुरुवातीला पाणी मारतात आणि ओलावा मोजणारा सेन्सर 30 मीटर पुढे आहे. बेल्ट 0.5 मीटर प्रति सेकंदाने चालतो, म्हणजे व्हॉल्व्ह हलवल्यावर 60 सेकंद सेन्सरला काहीच कळत नाही. साधा पीआय इतका मंद ठेवावा लागायचा की सेटपॉइंट बदलला की बराच वेळ नुसतं बघत बसायचं.

स्मिथ प्रेडिक्टर टाकल्यावर पहिला महिना खरंच सुखाचा गेला. कंट्रोलर डिले नसलेल्या मॉडेलकडे बघून चालतो, आणि डिले लावलेलं मॉडेल नि खरं रीडिंग यांच्यातला फरक तेवढा दुरुस्तीला घेतो, त्यामुळे मी लूप बिनधास्त फास्ट केला, टाइम कॉन्स्टंट 5 सेकंद.

मग एकदा माल कमी म्हणून बेल्ट 0.4 वर आणला. खरा डिले झाला 75 सेकंद, मॉडेलमध्ये अजून 60च. सेटपॉइंट जरा हलवला आणि व्हॉल्व्ह झुलायला लागला, थांबेचना. मी आधी पीआयच्या गेनवर संशय घेतला, पण ट्रेंडवर झोक्याचा पिरियड होता साधारण 32 सेकंद, आणि एवढ्या डिलेच्या साध्या पीआय लूपचा झोका डिलेच्या दुप्पट ते चौपट असतो. झोका डिलेपेक्षाही छोटा दिसला तर आधी मॉडेलचा डिले तपासा, हे मी तेव्हा शिकलो.

दुसरी खूण अजून स्पष्ट आहे. खरं वजा मॉडेल हा फरक वेगळ्या पेनवर काढा. लूप मॅन्युअलवर घेऊन व्हॉल्व्हला स्टेप दिली की त्यात एक ठोका दिसतो, त्याची रुंदी जवळजवळ डिलेच्या चुकीइतकी, आमच्याकडे 15 सेकंद. ठोका रीडिंगच्या बदलाच्या उलट दिशेला असेल तर खरा डिले मॉडेलपेक्षा जास्त, त्याच दिशेला असेल तर कमी. गेन चुकला असेल तर ठोका येऊन जात नाही, फरक तसाच राहतो.

तात्पुरता उपाय म्हणून टाइम कॉन्स्टंट 15 केला, म्हणजे डिलेच्या चुकीएवढाच, आणि झुलणं थांबलं. कायमचा उपाय मात्र डिले वेळेत न मोजता अंतरात मोजणं. बेल्टच्या एन्कोडरवर दर 0.25 मीटरला एक पल्स घेतला आणि मॉडेलचं आउटपुट 120 घरांच्या शिफ्ट रजिस्टरमध्ये टाकलं, पल्स आला की एक घर पुढे. वेग काहीही असो, नोंद मालाबरोबरच सेन्सरपाशी पोचते. बेल्ट थांबला तर रजिस्टरही थांबतं, तेव्हा कंट्रोलरचा इंटिग्रल आणि मॉडेल दोन्ही गोठवा, नाहीतर सुरू करताना व्हॉल्व्ह भलतीकडे जातो. सेन्सरचा फिल्टर मात्र वेगावर अवलंबून नाही, तो वेगळा ठेवा.

यानंतर टाइम कॉन्स्टंट 8 वर आणलाय आणि वेग बदलला तरी लूप शांत असतो. एक अपेक्षा मात्र ठेवू नका: येणाऱ्या मालाचा ओलावाच बदलला तर तो कळायला अजूनही पूर्ण 60 सेकंद लागतात, त्यासाठी आता स्प्रेच्या आधी दुसरा सेन्सर लावतोय.