ग्राफिक्स कार्डाविना जीटीए फाइव्ह : सात महिन्यांचा अनुभव

कार्यालयातून निकाली निघालेला एक संगणक मी सात महिन्यांपूर्वी विकत घेतला. त्यात आय५-६५०० प्रोसेसर, आठ जीबीची एकच रॅम आणि प्रोसेसरमधलेच एचडी ५३० ग्राफिक्स होते. खोके इतके बुटके, की नेहमीच्या उंचीचे ग्राफिक्स कार्ड त्यात मावत नाही. या यंत्रावर जीटीए फाइव्ह खेळायचा होता. अर्थात जुनी, ‘Legacy’ नावाची आवृत्ती, कारण मार्च २०२५ मध्ये आलेली नवी आवृत्ती स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड मागते.

सर्व सेटिंग ‘Normal’वर आणि रेझोल्यूशन १२८० बाय ७२० ठेवूनही सुरुवातीला सेकंदाला जेमतेम चोवीस फ्रेम मिळत, आणि वळणावर गाडी हमखास भिंतीवर आदळे. खरी अडचण मेमरीच्या वेगाची होती. अशा ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते प्रोसेसरच्याच रॅमवर भागवते. आणि २१३३च्या एका रॅममधून सेकंदाला सुमारे १७ जीबीच माहिती जाऊ शकते. दोन रॅम दोन वेगळ्या चॅनेलवर बसवल्या, तर ही वाट दुप्पट रुंद होते.

म्हणून तशीच दुसरी रॅम आणून मोकळ्या दिसलेल्या शेजारच्या खाचेत बसवली. टास्क मॅनेजर सोळा जीबी दाखवू लागला, पण खेळात काडीचाही फरक पडला नाही. दोन दिवस मी विनाकारण ड्रायव्हर बदलत बसलो. शेवटी सीपीयू-झेडच्या ‘Memory’ पानावर चॅनेलपुढे ‘Single’ लिहिलेले दिसले आणि चूक उमगली : दोन्ही रॅम एकाच चॅनेलवर होत्या. माझ्या बोर्डावर पांढऱ्या कड्यांच्या दोन खाचा ही योग्य जोडी होती. रॅम तिथे हलवताच ‘Dual’ आले आणि त्याच सेटिंगवर, खेळातल्याच बेंचमार्कमध्ये, सरासरी छत्तीसवर गेली.

मात्र ७२०च्या रेझोल्यूशनमुळे नकाशा आणि अक्षरे धुरकट दिसत. त्यावर उपाय असा, की रेझोल्यूशन १९२० बाय १०८० ठेवावे आणि ‘Frame Scaling Mode’ २/३ वर न्यावा. त्यामुळे दृश्य ७२०च्याच मापात तयार होते, पण अक्षरे स्वच्छ राहतात. ‘VSync’ ‘Half’वर ठेवले, की साठ हर्ट्झच्या मॉनिटरवर फ्रेम तीसवर बांधल्या जातात. छत्तीस आणि अठ्ठावीस यांच्यात हेलकावणाऱ्या खेळापेक्षा एकसारखा तीसचा खेळ मला कितीतरी सुसह्य वाटला.

तरीही शहराबाहेर, गवताळ डोंगरांत, ‘Grass Quality’ ‘Normal’वर असूनही वेग पंचवीसपर्यंत घसरतो, आणि पावसात स्फोट झाला तर आणखी खाली जातो. हार्ड डिस्कवर असताना भरधाव गाडीपुढचा रस्ता उशिरा उमटत असे. एसएसडीवर हलवल्यावर ते थांबले. गोष्टीतल्या मोहिमा मी यावर पूर्ण केल्या. ऑनलाइन भागात गर्दी झाली की नेम धरणे कठीण जाते, म्हणून तिकडे मी फिरकत नाही.