टाकीसफाईची नोटीस: तारीखवार लिहावी की विंगवार?

सोसायटीच्या कमिटीवर असाल तर "सर्व सभासदांस कळविण्यात येते की" हा साचा सोडायचं तुम्हीही ठरवलं असेल. मग प्रश्न उरतो मांडणीचा. टाकीसफाईच्या वेळी मी दोन्ही मांडण्या फलकावर लावून पाहिल्या.

मूळ नोटीस अशी होती: "टाक्यांची सफाई दि. १० व ११ मे रोजी अनुक्रमे ए व बी विंगमध्ये करण्यात येणार असून सभासदांनी आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावे." माहिती पुरी आहे, पण 'अनुक्रमे' आणि 'आदल्या दिवशी' या शब्दांपाशी वाचणारा मागे वळतो. बी विंगवाल्याला आधी आपली तारीख शोधायची, मग त्यातून एक दिवस वजा करायचा.

मी ती आधी तारीखवार केली. शुक्रवार, शनिवार, रविवार आणि प्रत्येकापुढे त्या दिवशीची कामं. सफाईवाल्याला ती सोयीची होती, वॉचमनलाही. घोळ झाला शनिवारच्या ओळीत. त्या दिवशी ए विंगचं पाणी बंद, आणि त्याच रात्री बी विंगने पाणी भरायचं. बी विंगमधल्या एका काकूंनी 'शनिवार, पाणी बंद' एवढंच वाचलं आणि शुक्रवारीच पिंप भरलं. रविवारी सकाळी ते रिकामं होतं आणि नळही कोरडे. चूक त्यांची नव्हती, एका ओळीत दोघांची कामं मी कोंबली होती. हे मला फार लागलं.

पुढच्या सफाईला विंगवार लिहिली. त्याच तारखा धरून बी विंगचा भाग असा:

बी विंग
शनिवार १० मे, रात्री ११ पर्यंत: पाणी भरून ठेवा.
रविवार ११ मे, सकाळी ९ ते दुपारी ३: पाणी बंद. बाहेर जाताना सगळे नळ बंद करा, नाहीतर पाणी सुटल्यावर घरात साचेल.
पाणी आल्यावर: स्वच्छ दिसेपर्यंत वाहू द्या, ते पिऊ नका.

'आदल्या दिवशी' गेलं, वजाबाकी गेली. रात्री १२ मुद्दाम टाळले, कारण ते शनिवारचे की रविवारचे यावर वाद होतो.

विंगवार नोटीस लांबते, हे खरं. वेळ बदलली तर दोन्हीकडे दुरुस्ती करावी लागते. एक जागा राहिली की गोंधळ आणखी वाढतो. सगळ्यांना एकच काम असेल, तर तारीखवारच बरी. वार्षिक सभेच्या नोटिशीत मी हा प्रयोग करत नाही. ती पूर्ण १४ दिवस आधी, विषयपत्रिकेसह, ठरल्या पद्धतीनेच जाते.

पण दोन विंगांच्या तारखा वेगळ्या असतील, तर मला विंगवारच योग्य वाटते. लावण्यापूर्वी कमिटीबाहेरच्या कुणाला तरी वाचायला द्या आणि कागद परत घेऊन विचारा, "तुम्ही पाणी कधी भराल?" त्यांनी कागद पुन्हा मागितला, तर नोटीस अजून तयार नाही.