कोल्चिसिन: आठ महिने, तीन झटके

गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साचून होणाऱ्या दुखण्याचा, पहिला झटका गटारीच्या दुसऱ्या रात्री आला. उजव्या पायाच्या अंगठ्याचं बूड लालबुंद आणि गरम. कुठेतरी ठेच लागली असेल म्हणून हळदीचा लेप लावून दीड दिवस काढला. मग लंगडत मेडिकलवर गेलो. दुकानदाराने कोल्चिसिनच्या ०.५ मिलिग्रॅमच्या बारक्या गोळ्यांची पट्टी हातात ठेवली आणि सांगितलं, दर दोन तासांनी एक, आराम पडेपर्यंत नाहीतर जुलाब लागेपर्यंत. सात गोळ्या झाल्या. जुलाब आधी लागले, रात्रभरात नऊ वेळा. अंगठा होता तसाच ठणकत होता, आणि त्याच पायावर नऊ खेपा. चूक गोळीची नव्हती, हे मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. ही गोळी युरिक अ‍ॅसिड कमी करत नाही, सांध्यातले खडेही विरघळवत नाही. त्या खड्यांवर तुटून पडायला पांढऱ्या पेशी सांध्याकडे धावतात आणि तिथे आग भडकते. गोळी ती धाव रोखते. म्हणून पहिल्या काही तासांत घेतली तर कामाची. बारा तासांच्या आत सर्वात बरं, दीड दिवसानंतर फारसा उपयोग नाही, कारण गर्दी आधीच जमलेली असते. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, त्यामुळे गोळीचा त्रास पहिल्यांदा तिथेच दिसतो. मेडिकलवाल्याचा नियम जुन्या काळचा. २०१०मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कमी डोस आणि जुना भरमसाट डोस समोरासमोर ठेवले, तेव्हा आराम जवळपास सारखाच पडला. जुलाब मात्र कमी डोसवाल्यांत शंभरात २३ जणांना आणि जास्तवाल्यांत ७७ जणांना झाले. म्हणजे मी सोसलेल्या रात्रीतला बराचसा भाग फुकट गेला.

दुसरा झटका नोव्हेंबरात, एका लग्नाहून आल्यावर. रात्री अडीचला जाग आली ती चादर अंगठ्याला लागल्याने. दुखत नव्हतं अजून, पण आत चुरचुर होती आणि कातडी ताणल्यासारखी. आता ही खूण मला ओळखू येते. पट्टी उशाशीच होती. लिहून दिल्याप्रमाणे दोन गोळ्या लगेच, तासाभराने एक, आणि मग बारा तास काही नाही. पहाटेपर्यंत चुरचुर गेली नाही, पण वाढलीही नाही, आणि या आजारात तेवढंच खूप. पुढे दोन दिवस सकाळी एक, रात्री एक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चप्पल पायात गेली. पोट ठीक.

तिसरा रंगपंचमीचा. इंदूरच्या राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघत दिवसभर उन्हात उभा, पाणी नावापुरतं, वर दोन ग्लास ठंडाई. संध्याकाळी सातला चुरचुर, पुन्हा दोन आणि एक. दुसऱ्या दिवशी सकाळ-रात्र. तिसऱ्या दिवशी सकाळची गोळी घेतली आणि तासाभरात पातळ शी झाली, एकच. अंगठा निम्म्याहून जास्त उतरला होता, पण ठणका होता, त्यामुळे रात्रीची गोळी सोडवेना. बायको म्हणाली, "अहो, परवाच्या ठंडाईचं असेल." मलाही तेच हवं होतं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "कशामुळे ते नंतर बघू. आधी गोळी बंद."

एका पातळ शीला इतकं का मानायचं, तर हे औषध शरीरातून लगेच बाहेर पडत नाही. पुढची गोळी आधीच्या गोळ्यांच्या वर चढते. जुलाब थांबवायची गोळी घेऊन कोल्चिसिन चालू ठेवणं तर उलटच, कारण इशाराच दाबला जातो. आणि जुलाबाने अंगातलं पाणी गेलं की युरिक अ‍ॅसिडला आयतं रान. मी ओआरएस प्यायलो आणि अंगठ्यावर कपड्यात गुंडाळून बर्फ ठेवला. रात्रीपर्यंत पोट जागेवर आलं. राहिलेला ठणका जायला अजून तीन दिवस लागले. चिडचिड झाली, पण पहिल्या वेळेच्या नऊ खेपांपुढे ते काहीच नव्हतं.

हे सगळं माझं क्रिएटिनिन नीट आहे म्हणून. किडनी कमजोर असेल, किंवा सोबत क्लॅरिथ्रोमायसिन, व्हेरापामिल, डिल्टियाझेम असं काही चालू असेल, तर कोल्चिसिन रक्तात साचतं आणि या तीन गोळ्याही जड जाऊ शकतात. त्यावर उतारा नाही. मागच्या आठवड्यात रामबागेतले आमचे शेजारी नाना गुडघा धरून आले, "तुझ्या त्या गोळ्यांतल्या दोन दे." नानांना छातीसाठी डिल्टियाझेम चालू आहे. मी दिल्या नाहीत, रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. नाना रिक्षाभर बोलले नाहीत.