जपानमधले स्त्री-पुरुष: जास्त वर्षं कोणाची, धडधाकट वर्षं कोणाची?

जपानच्या 2019 च्या सरकारी आकडेवारीत पुरुषांचं सरासरी आयुर्मान साधारण 81.4 वर्षं होतं, तर स्त्रियांचं 87.5. म्हणजे बायका सहा वर्षं पुढे. पण निरोगी आयुर्मान पाहा: पुरुष 72.7, स्त्रिया 75.4. इथे आघाडी तीनच वर्षांची उरते. दुखण्यात जाणारा काळ पुरुषांचा सुमारे पावणेनऊ वर्षं, बायकांचा बारा.

हे मोजतात कसं? घरोघरच्या पाहणीत विचारतात, “तब्येतीमुळे रोजच्या कामांत अडचण येते का?” समजा, ऐंशी वर्षांच्या शंभर जणांपैकी चाळीस ‘हो’ म्हणाले, तर त्या वयात सगळ्यांनी मिळून जगलेल्या शंभर वर्षांपैकी साठच निरोगी धरायची. उत्तर ज्याचं त्याने दिलेलं असतं, ही या मोजणीची मर्यादा.

फरकाचं मूळ आजारांच्या स्वभावात आहे. पुरुषांना पक्षाघात, हृदयविकार लवकर गाठतात आणि पुष्कळदा जीवच घेतात. बायकांच्या वाट्याला झिजलेले गुडघे, ठिसूळ हाडं आणि स्मृतिभ्रंश जास्त येतात. गुडघेदुखीने माणूस मरत नाही, पण जिना चढणं सुटतं. मला तरी बायकांची ही ‘आघाडी’ निखळ फायद्याची वाटत नाही.